अरबीतील प्रत्ययहीन स्त्रीलिंगी नामे

अरबीत स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी बहुधा ‘ता मर्बूता’ असते. यद (हात), ऐन (डोळा), उज़्न (कान), रिज्ल (पाय) यांना ती नाही, तरी ती स्त्रीलिंगीच. जोडीने असणारे अवयव स्त्रीलिंगी, हा नियम कामचलाऊ आहे: खद्द (गाल), हाजिब (भुवई), मिर्फ़क (कोपर) पुल्लिंगी आहेत. खरी ओळख वाक्यात पटते. ‘हा’साठी हाज़ा येत नाही, हाज़िही येते, विशेषणही यद तवीला (लांब हात) असे स्त्रीलिंगी होते. तीन व्यंजनांच्या नामाचे लघुत्वदर्शक रूप केले की दडलेली खूण बहुधा बाहेर येते: ऐनचे उयैना, उज़्नचे उज़ैना. जोडी नसलेले शम्स (सूर्य) आणि अर्ज़ (जमीन) हे शब्दही स्त्रीलिंगी आहेत. ते पाठच करावे लागतात.