प्रस्तावना : प्रवाहाविरुद्ध पोहणारा क्लोराइड

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत निकेल प्लेटिंगचं काम पाहिलेल्या माणसाला रिन्सच्या टाकीतलं हिरवट पाणी ठाऊक असतं. बाथमध्ये निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड. जॉब बाहेर काढला की अंगाला चिकटलेला थोडा बाथ रिन्समध्ये उतरतो. त्या पाण्यात सल्फेट किती, क्लोराइड किती, एवढाच प्रश्न हाती घेऊन कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच्या या विषयात शिरावं, असं मला वाटतं. पुस्तकं बहुधा समीकरणांपासून सुरुवात करतात. आपण टाकीपासून करू.

साधन दिसायला क्षुल्लक आहे. केसासारखी काचनळी, आतला व्यास 75 मायक्रोमीटर, लांबी 60 सेंटिमीटर. तिच्यात मावणारं द्रव तीन मायक्रोलिटरही नाही. दोन टोकं दोन व्हायलमध्ये, मध्ये 20 किलोव्होल्ट. क्लोराइड ऋणभारित, म्हणून तो धन टोकाकडे धावणार. तिथे डिटेक्टर ठेवला की झालं, असं वाटतं. पण नळीतलं पाणी स्वस्थ बसत नाही.

शुद्ध सिलिकाच्या भिंतीवर, पीएच 8 असताना, ऋणभार असतो. त्याला लगटून धन आयनांचा पातळ थर जमतो. व्होल्टेज दिलं की तो थर ऋण टोकाकडे सरकतो आणि सगळं पाणी आपल्यासोबत ओढून नेतो. हाच विद्युत्परासरी प्रवाह, प्रयोगशाळेच्या बोलीत ईओएफ. आकडे बोलके आहेत. 10⁻⁹ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद या एककात क्लोराइडची चलता सुमारे 79, फ्लोराइडची 57, आणि पाण्याची, उलट दिशेने, 60च्या आसपास. म्हणजे क्लोराइड रखडत का होईना पुढे जातो. फ्लोराइड मात्र धावून धावून जागच्या जागी, किंबहुना किंचित मागेच.

यावरचा तोडगा मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटतो. लांब शेपटीचा धनभारित साबण, टीटीएबी, अर्धा मिलिमोलर घालायचा. त्याचे रेणू भिंतीवर दुहेरी थरात बसतात, भिंतीचा भार धन होतो आणि प्रवाहाची दिशाच उलटते. आता पाणी आणि क्लोराइड एकाच वाटेचे वाटसरू. काही मिनिटांत क्लोराइड, त्यामागे सल्फेट, मग नायट्रेट, बऱ्याच मागून फ्लोराइड.

पण हे आयन प्रकाश शोषत नाहीत (नायट्रेटही 254 नॅनोमीटरला नाहीच म्हणावा इतका), मग दिसणार कसे? इथे पार्श्वद्रावण निवडण्याची खरी कसोटी लागते. 5 मिलिमोलर क्रोमेट 254 नॅनोमीटरला भरपूर प्रकाश शोषतं. जिथे क्लोराइड येतो तिथून क्रोमेट हटतं आणि आलेखात खड्डा पडतो; तो उलटा करून आपण त्याला शिखर म्हणतो. क्रोमेटच का? कारण त्याची चलता क्लोराइड-सल्फेटच्या जवळपास आहे, म्हणून त्यांची शिखरं टोकदार राहतात. मंद आयनांची शिखरं शेपूट काढतात. द्राक्षारसातली टार्टारिक किंवा मॅलिक आम्लं मोजायची असतील तर क्रोमेट सोडून थॅलेटसारखं संथ द्रावण घ्यावं.

आता नमुना आत कसा घ्यायचा. एक रीत पाण्याच्या पातळीची: व्हायल 10 सेंटिमीटर उंच धरा, 30 सेकंदांत सुमारे 40 नॅनोलिटर आत जातं, नमुना कोणताही असो. दुसरी रीत व्होल्टेजची: आयन स्वतःच ओढून घ्या. अतिशुद्ध पाण्यातल्या लेशमात्र आयनांना ती उत्तम, कारण तिथे ते जणू गोळा होतात. रिन्सच्या पाण्याला मात्र ती घात करते. समजा, सोमवारी आणि मंगळवारी सल्फेट तेवढंच आहे, पण मंगळवारी दुसऱ्या टाकीतलं क्लोराइड मिसळून पाण्याची वाहकता दुप्पट झाली. नमुन्यातलं विद्युत्क्षेत्र जवळपास निम्मं होतं, सल्फेटचं शिखरही निम्मं येतं, आणि रजिस्टरात ‘सुधारणा’ नोंदली जाते! ओळखायचं कसं? नमुन्यात ठरावीक सल्फेट मिसळून पुन्हा चालवा. मिसळलेलंही निम्मंच दिसलं तर दोष इंजेक्शनचा. सगळीच शिखरं एकसाथ उशिरा आली, तर भिंतीवरच्या साबणाकडे बघा. विद्युत्प्रवाह एकदम शून्यावर आला तर नळीत बुडबुडा आहे.

शेवटी एक घरची गोष्ट. 5 मिलिमोलर क्रोमेट म्हणजे लिटरला 260 मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. दुसऱ्याचं पाणी तपासून आपली व्हायल सिंकमध्ये ओतली, तर नासर्डीच्या वाटेला 2600 पट तीव्र द्रावण लावलं. म्हणून बाकाखाली वेगळा कॅन ठेवा. भरला की आम्ल घालून पीएच 2-3वर आणा, सोडियम बायसल्फाइटने पिवळा रंग हिरवट होऊ द्या, मग चुन्याने गाळ बसवा. शेजारचा प्लेटिंगवाला हेच रोज करतो. अडलं तर त्यालाच विचारा.