मुलाण्याची सुरी आणि दुकानावरची पाटी: हलाल व झटका

१/ आज वाशीम-कारंजाच्या बाजारात मटण घेणाऱ्यास बोकड कोणत्या पद्धतीने कापला हे पाटी वाचून किंवा विचारून कळते. दोन शतकांपूर्वीच्या मराठी गावात अशा पाटीची गरजच नव्हती. का, ते पाहू.

२/ आधी पद्धती. हलालमध्ये जनावर जिवंत असावे लागते. कापणारा सहसा मुसलमान असतो. तो अल्लाचे नाव घेऊन धारदार सुरीने गळा पुढून चिरतो. श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या मुख्य रक्तवाहिन्या तुटतात. पाठीचा कणा मात्र त्या वेळी तोडत नाहीत. रक्त वाहून गेल्यावरच पुढचे काम सुरू होते.

३/ झटक्यात जड शस्त्राचा एकच घाव मानेवर बसतो आणि कण्यासह शिर धडावेगळे होते. मंत्र म्हणणे ही अट नाही; घाव एकच असणे ही अट आहे. शीख रहित मर्यादेत 'कुठ्ठा', म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेले मांस, निषिद्ध आहे.

४/ आता इतिहास. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ याने १८२६ च्या ग्रंथात गावगाड्यातील मुलाण्याची नोंद केली आहे. देवापुढे वा शेतात बळी द्यावयाची मेंढरे-बकरी तोच कापी. त्याने 'नियत' म्हटल्याखेरीज मराठे सामान्यतः मांस खात नसत, असेही डफ सांगतो.

५/ म्हणजे बळी हिंदू देवतेचा, कापणारा मुसलमान आणि खाणारा मराठा! मुलाण्याचा हक्क गावाने ठरवून दिलेला होता. सुरी कोणाची हे साऱ्यांना ठाऊक असल्याने माणूस हेच प्रमाणपत्र होते.

६/ शहरी बाजारात ही ओळख तुटली. आणि मांसाचे तुकडे झाले की नुसत्या नजरेने पद्धत ओळखता येत नाही. खूण उरते ती मानेच्या छेदात, आणि ग्राहकाला मान क्वचितच दिसते.

७/ म्हणून कागद आला. पाकिटावरील तपकिरी त्रिकोण पदार्थ मांसाहारी आहे एवढेच सांगतो. पद्धत कळण्यासाठी प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव, शिक्का आणि प्रमाणपत्राचा क्रमांक पाहावा लागतो. नुसता 'हलाल' वा 'झटका' हा शब्द म्हणजे दुकानदाराचा दावा. निर्यातीच्या मांसावर 'हलाल' लिहायचे तर मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र हवे, असे केंद्राने २०२३ मध्ये ठरविले.

८/ मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटिकांच्या झटका दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. कायद्याने मात्र दोन्ही पद्धतींना जागा ठेवली आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम २८ धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने जनावर मारणे गुन्हा मानत नाही.

९/ डफच्या नोंदीतील मराठ्यांना मुलाण्याची सुरी हवी होती. 'मल्हार'ची पाटी ती नाही याची हमी देते. खंडोबाला बोकड वाहणाऱ्या गावांचा इतिहास वाचताना हा पालट ध्यानात ठेवावा.