तळटीप : पटाची चूक आणि मापाची चूक

* `calibrateCamera` ने परत दिलेली ०.२ पिक्सेलची चूक म्हणजे कॅमेरा मापायला तयार झाल्याचा पुरावा, असे लेखक इथे धरून चालतो. ते मान्य करता येत नाही. फोटोत सापडलेले पटाचे कोपरे आणि गणिताने मांडलेले कोपरे जुळले, एवढेच तो आकडा सांगतो. पट चौकटीच्या ज्या भागात गेलाच नाही, त्याबद्दल तो गप्प असतो. सगळे फोटो पट मधोमध धरून काढले, तर भिंगाची वक्रता जिथे जास्त, त्या कडांचा अंदाज हवेतच राहतो, आणि आकडा मात्र देखणा दिसतो. `undistort` नंतर चौकटीच्या कडेला ठेवलेली पोलादी पट्टी वाकलेली दिसली की पितळ उघडे पडते.

पट चौकटभर फिरवला, तिरकाही धरला, मग तरी हा आकडा पुरे, असे कोणी म्हणेल. तरीही नाही. समजा, इंदिरानगरजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ४० मिमीचा दांडा मोजायचा आहे. घराची बाजू २५ मिमी लिहिली. पण प्रिंटरने ‘फिट टू पेज’च्या कृपेने पट ९७ टक्क्यांवर छापला, म्हणजे खरे घर २४.२५ मिमीचे. चूक तसूभरही वाढत नाही, कारण सगळी घरे सारखीच आक्रसली आहेत आणि गणित पट जरा लांब असल्याचे मानून मोकळे होते. भिंगाची दुरुस्तीही बरोबरच येते. फक्त दांड्याच्या पातळीत ठेवलेल्या त्याच पटावरून मिलिमीटर काढले, की दांडा ४१.२४ भरतो. तेव्हा छापलेली सात-आठ घरे एकत्र व्हर्नियरने मोजून, भागून येणारी बाजूच प्रोग्रॅममध्ये लिहावी.