‘काहीही असले तरी’ची कुळकथा

तेराव्या शतकात पोपच्या आज्ञापत्रांत ‘नॉन ऑब्स्टॅन्टे’ हे लॅटिन शब्द सर्रास येत. आधीचा कोणताही नियम आड येणार नाही, असा त्यांचा अर्थ. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने ते उचलले आणि पुढचे राजे त्यांच्या जोरावर एखाद्याला कायद्यातून सूट देऊ लागले.

दुसऱ्या जेम्सने हा प्रकार टोकाला नेला. १६७३ च्या टेस्ट ॲक्टप्रमाणे सरकारी अधिकाऱ्याला ठरावीक शपथ घ्यावी लागे. कॅथलिक असलेल्या एडवर्ड हेल्सने ती न घेता रेजिमेंटचे कर्नलपद स्वीकारले. त्याच्याच गाडीवानाने, गॉडनने, ५०० पौंडांच्या दंडासाठी दावा लावला. हेल्सने राजाचे सूटपत्र पुढे केले आणि १६८६ मध्ये बारापैकी अकरा न्यायाधीशांनी ते मान्य केले. तीनच वर्षांनी बिल ऑफ राइट्सने ही वाट बंद केली: मूळ कायद्यातच तशी मुभा नसेल, तर सूट रद्दबातल. तेव्हापासून हे शब्द राजाचे उरले नाहीत. कायदेमंडळ ते आपल्या कलमांत घालू लागले, आणि भारताच्या संविधानातही ते ‘काहीही असले तरी’ या रूपात त्याच वाटेने आले.

अधिकाराचा उगम शोधताना मात्र एक चूक होते. वाचणाऱ्याला वाटते की अधिकार या शब्दांतूनच येतो. अनुच्छेद २५८(१) पाहा. संविधानात काहीही असले तरी, राज्य सरकारच्या संमतीने राष्ट्रपती केंद्राच्या कार्यकारी सत्तेतील कामे त्या सरकारकडे किंवा त्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतात. ‘काहीही असले तरी’ खोडून वाचा. सोपवण्याचा अधिकार तसाच उरतो, कारण तो ‘सोपवू शकतात’ या क्रियापदात आहे. खोडलेला भाग फक्त आड येणारे अनुच्छेद बाजूला सारतो. अनुच्छेद ७३ च्या आरंभीचे ‘तरतुदींच्या अधीन राहून’ उलट काम करते: केंद्राच्या कार्यकारी सत्तेची व्याप्ती तोच अनुच्छेद ठरवतो, पण इतर तरतुदींशी विरोध आला तर माघार त्याने घ्यायची.

जयंतीलाल शोधन विरुद्ध राणा खटल्यात याची कसोटी लागली. १९५९ मध्ये राष्ट्रपतींनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या विभागीय आयुक्तांकडे केंद्रासाठीच्या भूसंपादनाची कामे सोपवली होती. १९६० मध्ये राज्याचे विभाजन झाले आणि बडोद्याचे आयुक्त गुजरातचे अधिकारी झाले. त्यांचा अधिकार टिकला का? सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने होकार दिला. पण त्याच निकालाने मर्यादाही आखली: आणीबाणीसारखे जे अधिकार संविधानाने खुद्द राष्ट्रपतींना दिले आहेत, ते २५८(१) खाली सोपवता येत नाहीत, कारण ते ‘केंद्राची कार्यकारी सत्ता’ या शब्दांत बसत नाहीत. आरंभी ‘काहीही असले तरी’ असूनही दिलेल्या अधिकाराची हद्द वाढली नाही.

म्हणून आदेश तपासताना आधी देणारे क्रियापद शोधावे, मग त्याचा विषय आणि त्याच्या अटी. २५८(१) मध्ये राज्याची संमती ही अशीच अट आहे; ती नसेल तर आरंभीचे शब्द कितीही ठाम असोत, आयुक्ताच्या हाती काहीच येत नाही.