पार्श्वभूमी पडताळणी संमतिपत्र
नोकरीच्या उमेदवाराची माहिती तपासण्यापूर्वी त्याच्याकडून घेतलेली लेखी परवानगी. ‘माझी सर्व माहिती कोणाकडूनही तपासावी’ असा मोघम मजकूर सर्रास आढळतो. त्यातून उमेदवाराला काहीच कळत नाही. नेमका मजकूर असा: ‘माझी पदवी विद्यापीठाकडून आणि मागील दोन नोकऱ्यांचा कालावधी त्या कंपन्यांकडून अमुक संस्था तपासेल. सध्याच्या कंपनीशी राजीनामा दिल्यानंतरच संपर्क साधेल. अहवाल फक्त मनुष्यबळ विभाग पाहील. तफावत आढळल्यास निर्णयापूर्वी मला खुलाशाची संधी मिळेल.’ राजीनाम्याची अट गाळली, तर पडताळणीच्या एका फोनने हातची नोकरीही धोक्यात येते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे.