विटेवरचा धीर



मागच्या भागात आपण तंजावरच्या मराठी राजांविषयी बोललो होतो. आज त्याच मुलखातल्या एका लहान गावी जाऊया. गावाचं नाव मरुदानल्लूर. कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातखाचरांमधलं हे गाव. आमच्या घरातल्या एका आजारपणाने मला तिथे नेलं आणि तिथून परतल्यावर मी आयुष्यातला एकमेव अभंग लिहिला. आज तो अभंग आणि त्याच्या मागचा इतिहास सांगतो.

आधी इतिहास. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य राहिलं. राजांबरोबर कारकून, शिपाई, शास्त्री गेले, तसे कीर्तनकार आणि रामदासी गोसावीही गेले. कावेरीकाठी तमिळ घरांतून मराठी अभंग ऐकू येऊ लागले. त्याच काळात तिथे नामसंकीर्तनाची एक परंपरा उभी राहत होती. गोविंदपुरमचे बोधेंद्र स्वामी, तिरुविशनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरु स्वामी हे तिचे तीन गुरू मानले जातात.

सद्गुरु स्वामींचा काळ परंपरेत १७७७ ते १८१७ सांगतात, म्हणजे सरफोजी राजे दुसरे यांच्या वेळचा. त्यांचं मोठं काम म्हणजे भजनाला त्यांनी क्रम लावून दिला. आधी तोडय मंगळम्, मग गुरुवंदना, मग जयदेवाची अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, पुरंदरदास, भद्राचल रामदास आणि इतर संतांची पदं, आणि यांच्याच पंगतीत आपले मराठी अभंग. संस्कृत, तेलुगू, कन्नड, तमिळ, मराठी अशा पाच भाषा एका बैठकीत. आजही दक्षिणेत कुठे संप्रदाय भजन असेल तर तिथे पुंडलिकाच्या नावाचा गजर होतो. गजर करणाऱ्या बहुतेकांना मराठी बोलता येत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या आईला पंचाऐंशीव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळणं अवघड झालं आणि हळूहळू स्मृतीही विरत गेली. मी फौजेतून निवृत्त झालो होतो, त्यामुळे तिची सेवा माझ्याकडे आली. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना पाठ सरळ ठेवून बसवायचं, अर्धाच चमचा द्यायचा, तो पूर्ण गिळून झाल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका वाटी पेजेला पाऊण तास लागे. वेळापत्रक पाळणं मला जड गेलं नाही. फौजेत तेच केलं होतं. जड गेलं ते दोन चमच्यांमधलं थांबणं.

आणि तिचा एक प्रश्न. "हे आले का रे?" वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती. पहिल्या वेळी मी खरं सांगितलं. ती अशी रडली, जणू बातमी आत्ताच आली. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. एका रात्री विसाव्या की पंचविसाव्या वेळेला मी तिच्यावर ओरडलो. तिने डावा हात कपाळावर नेला, लहान मूल मार चुकवायला नेतं तसा. त्या रात्रीनंतर मी देवाजवळ काहीतरी मागायचं ठरवलं. गाणं लिहायला बसलो. शाळेत शिकलेला अभंग आठवत होता: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. पहिलं कडवं असं झालं:

सोडव रे तिला, आता नारायणा,
पाहवेना दैना, तिची मला.

अक्षरं बरोबर होती आणि डोळ्यांत पाणीही आलं. आठवडाभर मी ते गुणगुणत होतो. मग धाकटा भाऊ दहा दिवसांसाठी आला, "दादा, तू जरा बाहेर पड" म्हणाला. नोकरीतली काही वर्षं तमिळनाडूत गेली होती आणि कुंभकोणमला जुना सहकारी होता. तोच मला संध्याकाळी मरुदानल्लूरला भजनाला घेऊन गेला.

दोन रांगा समोरासमोर बसल्या होत्या. मृदंग, पेटी, झांजा. भागवतर एक नामावळी म्हणत, रांगा तीच परत म्हणत. पुन्हा तेच नाव, पुन्हा तोच प्रतिसाद. मोजण्याची सवय असल्यामुळे मी मोजू लागलो आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिलं. माझ्या शेजारी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. ते चाळिसाव्या वेळेलाही पहिल्याइतक्याच ताज्या आवाजात उत्तर देत होते. मला माझ्या आईचा प्रश्न आठवला. तिथे कुणीच त्रासलेलं नव्हतं. तेच नाव परत घेणं हेच त्यांचं काम होतं आणि ते करायलाच ते आले होते. माझ्या घरी मात्र मी प्रश्न संपण्याची वाट पाहत होतो.

मग पुंडलिकाचा गजर झाला. लहानपणापासून तोंडात असलेले शब्द, पण त्या दिवशी एक गोष्ट नव्याने दिसली. गजरात देवाच्या आधी नाव येतं ते आईवडिलांची सेवा करणाऱ्याचं, आणि देवाला ओळख मिळते ती त्याला वर देणारा म्हणून. तो वर कसला? कथा आपल्याला ठाऊक आहे. हा पुंडलिक आधी आईवडिलांना छळणाराच होता. पुढे सुधारला. देव दारात आला तेव्हा तो त्यांची सेवा करत होता. त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. पुढे वर मागायची वेळ आली तेव्हा त्याने आईवडिलांचं म्हातारपण परत घे, असं मागितलं नाही. मलाही यातून मोकळा कर, असंही नाही. देवाने तिथेच उभं राहावं, एवढंच मागितलं.

आजारपणात सुटका मागणारी रचनाही आपल्याकडे मोठी आणि पूज्य आहे, हे सांगायला हवं. गुरुवायूरला मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांनी सोळाव्या शतकात 'नारायणीयम्' रचलं ते वाताच्या व्याधीने जखडलेल्या अवस्थेत, असं परंपरा सांगते. दशकामागून दशक ते रोगापासून सोडवण्याची विनवणी करतात आणि शेवटी आयुष्य, आरोग्य, सौख्य मागतात. सद्गुरु स्वामींचे समकालीन मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी पोटशुळाने हैराण झालेल्या शिष्यासाठी ग्रहांवरच्या कृती रचल्या, अशीही आख्यायिका आहे. भट्टतिरींनी स्वतःचं दुखणं मांडलं. दीक्षितरांनी शिष्याचं मांडलं. दोन्ही मागण्या सरळ आहेत. माझ्या कडव्यात घोळ होता. मागत होतो आईच्या नावाने, पण शेवटचा शब्द होता 'मला'. चार अक्षरांच्या चरणात अभंगाचं वजन पडतं, आणि तिथे मीच बसलो होतो. आईला खरोखर काय हवं होतं? तिला पेज हवी होती आणि 'हे' यायला हवे होते. सुटका मला हवी होती.

परतीच्या गाडीत मी ते कडवं खोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेलाही चुका झाल्या. एका कडव्यात मी स्वतःला पुंडलिक म्हणवून घेतलं होतं; ते काढलं, कारण सेवेची फुशारकी हीही अधीरताच असते. दुसऱ्यात 'आई म्हणजे देव' असं लिहिलं होतं. तेही काढलं. अंथरुण ओलं झालं की देव आठवत नाही, चादर आठवते. शेवटी 'व्हावी ती पहाट लवकर' असा चरण जमला होता. तो सर्वांत गोड होता, म्हणून सोडवत नव्हता. पण 'लवकर' या एका शब्दातून सुटका मागच्या दाराने पुन्हा आत आली होती.

परीक्षा एकच ठेवली. प्रत्येक कडवं आईच्या उशाशी बसून तिला ऐकू जाईल असं म्हणायचं. जे तिच्यासमोर म्हणताना जीभ अडखळेल ते खोटं. पहिलं कडवं मी तिच्यासमोर कधीच म्हणू शकलो नसतो. जे उरलं ते हे:

विटेवर देवा, थांबलास कसा,
राहो मीही तसा, उशापाशी.

घास तोंडी राही, गिळवेना तिला,
घाई नको मला, देऊ देवा.

पुन्हा पुसे तेच, पुन्हा सांगू द्यावे,
पहिल्यांदा व्हावे, दरवेळी.

लेक म्हणे दे रे, आजचाच धीर,
होऊ दे उशीर, पहाटेला.

शेवटच्या कडव्यात संतांच्या नाममुद्रेची जागा असते. तिथे माझं नाव शोभलं नसतं, म्हणून 'लेक' ठेवलं. चालही दक्षिणेतल्यासारखी चढत्या लयीची घेतली नाही. एक कडवं म्हणून होईतो अर्धा चमचा पेज गिळून होई, इतकी सावकाश ठेवली. त्यामुळे गाणं हेच माझं घड्याळ झालं.

या गाण्याने कुठलंही दुखणं बरं झालं नाही, आणि धीर मागणं म्हणजे इलाज थांबवणं नव्हे. घास घेताना दरवेळी ठसका लागू लागला, आवाज घोगरा, ओला येऊ लागला, तेव्हा मी भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन केला. पाठीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही पांढरा पडेना, तेव्हाही तेच केलं. तिथे गाणं म्हणत बसलो असतो तर तो गुन्हा ठरला असता. दुखण्यासाठी डॉक्टर आणि माझ्या जिभेसाठी देव, अशी वाटणी होती.

मी पुन्हा ओरडलो का? हो, दोनदा. पण दोन्ही वेळा लगेच उशाशी बसलो. आणि प्रश्नाचं उत्तर बदललं.

"हे आले का रे?"

"अजून नाही, आई. तू जेवून घे."

मग ती तोंड उघडायची. हे आम्ही आठ महिने केलं. शेवटच्या दिवसांत तिचं बोलणं थांबलं आणि प्रश्नही थांबला. मी मात्र तिसरं कडवं म्हणत राहिलो, कारण तोवर त्या प्रश्नाची मलाच सवय झाली होती.

पंढरपूरला गेलात तर चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ आहे. तिथे थोडं थांबा. कुंभकोणमला गेलात तर एक संध्याकाळ मरुदानल्लूरसाठी ठेवा. आपली भाषा न बोलणारी माणसं आपल्या पुंडलिकाला हाक मारताना ऐकाल.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.