आतडे, श्वासनलिका आणि आधारपटल

* मूळ लेखकाने लहान आतडे आणि श्वासनलिका या दोन्हींच्या अस्तराला ‘केसाळ’ म्हटले आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे पेशींची वरची कड झालरीसारखी दिसते खरी, पण रचना अगदी निराळ्या. आतड्यातल्या मायक्रोव्हिलाय जेमतेम १ मायक्रोमीटर लांबीच्या. एकेक वेगळी दिसत नाही, फक्त एक उभ्या रेघांचा पट्टा दिसतो. आत ॲक्टिनच्या तंतूंची जुडी असते. मायक्रोव्हिलायचे काम शोषणासाठी पृष्ठभाग वाढवण्याचे, म्हणून मूत्रपिंडाच्या नलिकेतही पहिल्याच वळणदार भागात त्यांची दाटी असते.

श्वासनलिकेतल्या सिलिया लांबीला मायक्रोव्हिलायच्या कैकपट. आत सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या कडेने, दोन नलिका मधोमध. त्या लयीत हलतात आणि चिकट कफ धुळीसकट घशाकडे ढकलतात. ओळखायची खूण : प्रत्येक सिलियाच्या मुळाशी एक ठिपका असतो आणि अशा ठिपक्यांची गडद रेघ कडेखाली उमटते. मायक्रोव्हिलायखाली ती नसते. गर्भनलिकेतही सिलियाच असतात. जुनाट धूम्रपानाने श्वासमार्गातल्या सिलिया झडतात. मग कफ हलवायला खोकला उरतो.

लेखकाने आधारपटलाचा उल्लेखच टाळला आहे, ही उणीव मोठी. दोन्ही अस्तरे त्यावरच बसलेली असतात. ते विशेष जाड आणि कामाचे आहे मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या गुच्छात, कारण तिथे ते रक्त गाळते. दीर्घकाळच्या मधुमेहात ते आणखी जाड होते, पण गाळणी बिघडते आणि लघवीत अल्ब्युमिन उतरू लागते. — संपा.